घन उलगडून मांडलेला चौरस

१ चा घन १, २ चा ८, ३ चा २७ आणि ४ चा ६४. यांची बेरीज १०० होते. आता याच संख्या घन न करता मिळवल्या, तर १ + २ + ३ + ४ = १०, आणि १० चा वर्ग पुन्हा १००. पुढे ५ चा घन, म्हणजे १२५ मिळवले की २२५ होतात. इकडची साधी बेरीज १५ वर पोचते आणि १५ चा वर्गही २२५ च. १ पासून सलग कितीही पुढे जा, हे जुळतंच.

हा नियम आर्यभटाला ठाऊक होता. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त, गणितपादाच्या २२ व्या श्लोकात तो आला आहे. पण श्लोकात नियम तेवढा सांगितला आहे, तो का खरा हे नाही. ते ‘का’ एका आकृतीत दाखवलं अल-करजी या बगदादच्या गणितज्ञाने, सुमारे इ.स. १००० मध्ये. त्याने १ ते १० या संख्या घेऊन ५५ बाजूचा चौरस काढला होता. मला ही आकृती फार आवडते, कारण ती कळायला चौकटींचा कागद आणि रंगीत पेन्सिल एवढंच पुरतं.

आधी मनात येणारी शंका अशी: घन म्हणजे लांबी, रुंदी, उंची असलेला ठोकळा, आणि वर्ग तर सपाट. ठोकळा सपाट कसा व्हायचा? तर त्याचे थर सुटे करून. ५ चा घन म्हणजे एकावर एक रचलेले पाच थर, आणि प्रत्येक थर ५ × ५ चा, २५ चौकटींचा. हे पाच थर कागदावर कुठे बसतात ते पाहू.

१ ते ४ यांचा चौरस आपल्यापाशी तयार आहे असं धरा. त्याची बाजू १० आणि चौकटी १००. आता ५ मिळवायचे म्हणजे बाजू १५ करायची. त्यासाठी उजवीकडे आणि खाली ५ रुंदीची पट्टी जोडावी लागते. ही पट्टी सुताराच्या गुण्यासारखी काटकोनात वळलेली असते. उजवीकडच्या भागाची लांबी १०, तेव्हा तिथे ५ × ५ चे दोन थर बसतात. खालच्या भागातही दोन. कोपऱ्यात ५ × ५ ची जागा उरते, तिथे पाचवा. पाचही थर बसले, कुठे फट नाही की काही उरलं नाही.

६ ला जरा जपून जावं लागतं. आतल्या चौरसाची बाजू आता १५ आहे आणि पट्टी ६ रुंद. १५ मध्ये ६ दोनदा जातात आणि ३ उरतात. म्हणजे एका बाजूला दोन पूर्ण थर आणि अर्धा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. एक थर मधोमध कापून दोन्हीकडे अर्धा-अर्धा लावला की झालं: दोन, दोन, दोन अर्ध्यांचा एक आणि कोपऱ्यातला एक, असे सहा. सम संख्येला प्रत्येक वेळी एक थर असा कापावा लागतो, विषम संख्येला लागत नाही.

पण हे नेहमीच जमेल कशावरून? ७ घेऊ. आतली बाजू १ ते ६ ची बेरीज, आणि पट्टीला अशा दोन बाजू. ती बेरीज एकदा सुलट आणि एकदा उलट लिहा: १ खाली ६, २ खाली ५, ३ खाली ४, असं शेवटपर्यंत. प्रत्येक जोडी ७ ची आणि जोड्या ६. म्हणून दोन्ही बाजू मिळून लांबी ६ × ७, म्हणजे सात रुंदीचे बरोबर सहा थर. सातवा कोपऱ्यात. ७ च्या जागी कुठलीही संख्या ठेवली तरी जोड्या तिच्याहून एकाने कमीच असतात, आणि ती एकाची उणीव कोपरा भरून काढतो.

सुरुवात १ पासूनच का हवी, तेही यातच दिसतं. १ गाळून २ आणि ३ घेतले तर घनांची बेरीज ३५ होते, पण ५ चा वर्ग २५. १० चौकटींना जागाच मिळत नाही. २ च्या घनाला ८ चौकटी लागतात, पण २ × २ चा चौरस चारच देतो. पुढे ३ रुंदीची पट्टी २ बाजूच्या चौरसाभोवती फिरते, तिच्यात ६, ६ आणि कोपऱ्यातल्या ९ मिळून २१ चौकटी येतात, हव्या असतात २७. चार तिथे कमी, सहा इथे.

वर्गांच्या बेरजेला अशी पट्टी नाही. १ ते २४ यांच्या वर्गांची बेरीज ४९०० होते, म्हणजे ७० चा वर्ग, आणि क्षणभर वाटतं की इथेही काही नियम असणार. तसा तो नाही. १ सोडला तर हे फक्त २४ ला घडतं, असं जी. एन. वॉटसन यांनी १९१८ मध्ये सिद्ध केलं. २५ चा वर्ग मिळवला की ५५२५ होतात, आणि ७४ चा वर्ग ५४७६, तर ७५ चा ५६२५.