त्वचा टोकरण्याचा विकार

त्वचा टोकरण्याचा विकार हा असा मानसिक विकार आहे, ज्यात व्यक्ती स्वतःची त्वचा पुन्हा पुन्हा टोकरते, पिळते, ओरबाडते किंवा जखमेवरची खपली काढते आणि थांबवण्याचे प्रयत्न करूनही तिला ते थांबवता येत नाही. यातून मुळात लहान असलेल्या पुटकुळ्यांच्या, डासांच्या चाव्यांच्या वा खरखरीत ठिपक्यांच्या जखमा होतात. वैद्यकीय लेखनात याला ‘एक्सकोरिएशन डिसऑर्डर’ किंवा ‘डर्मॅटिलोमेनिया’ म्हणतात. मुरूम फोडणे किंवा खपली काढणे जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी केलेले असते. जखमा होत राहणे, थांबण्याचे प्रयत्न फसणे आणि त्यामुळे मनस्ताप होणे किंवा दैनंदिन व्यवहारात अडथळा येणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याला विकार मानले जाते.

इंग्रज त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८७५ मध्ये या वर्तनाचे वर्णन केले, तर फ्रेंच वैद्य लुई ब्रोक यांनी १८९८ मध्ये मुरूम टोकरून चेहऱ्यावर जखमा करून घेणाऱ्या तरुण मुलींविषयी लिहिले. मात्र अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत याला स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळण्यास २०१३ साल उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ११ व्या रोगवर्गीकरणात केस उपटण्याच्या विकाराबरोबर त्याची नोंद आहे.

## पुटकुळीची जखम कशी होते

मुरूम म्हणजे तेल आणि मृत पेशींनी तुंबलेले केसाचे मूळ. ते बोटांत धरून दाबले की थोडा भाग वर येतो, पण बराचसा खालच्या थरात फुटतो. तेथे दाह वाढतो आणि आधी मोहरीएवढा असलेला फोड दुसऱ्या दिवशी वाटाण्याएवढा, लाल व दुखरा होतो. आत ‘अजून काहीतरी राहिले आहे’ असे वाटून हात पुन्हा तेथेच जातो.

त्वचेच्या केवळ वरच्या थराला झालेली इजा साधारणपणे आठवडा-दहा दिवसांत वणाशिवाय भरून येते. ही मुदत पूर्ण होऊ दिली जात नाही, हीच या विकारातील मुख्य अडचण आहे. जखम भरताना खपली कोरडी पडते, कडा उचलल्या जातात आणि खाज सुटते. उचललेली कड बोटाला लागते, खपली काढली जाते आणि भरण्याची क्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. असे अनेकदा झाले की इजा खालच्या थरापर्यंत पोचते व कायमचा व्रण राहतो. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर दाहानंतर काळे डाग पडतात आणि ते विरायला कित्येक महिने लागतात. हे डाग ‘काढून टाकण्यासाठी’ पुन्हा खरवडणारे रुग्णही असतात, पण डागाचा रंग त्वचेच्या आत असल्यामुळे खरवडून तो अधिकच गडद होतो.

या चक्रात घरगुती आणि दुकानी उपायही भर घालतात. मुरुमावर लिंबू किंवा टूथपेस्ट लावल्याने त्वचा सोलवटते. गोरेपणासाठी वा डागांसाठी सल्ल्याविना वापरलेल्या काही मलमांत स्टेरॉइड असते. त्यामुळे सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो, पुढे त्वचा पातळ होते आणि मुरुमांसारखे पुरळ उठते. टोकरण्यासाठी नवे ठिपके अशा रीतीने तयारच होतात.

## हात त्वचेकडे का जातो

या विकाराची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत, मुरुमांच्या वयात होते आणि तो स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. जवळच्या नातेवाइकांत हा किंवा मंत्रचळाचा विकार असल्यास संभव वाढतो. कोणतेही एक कारण सिद्ध झालेले नाही.

वर्तनाच्या दृष्टीने टोकरण्याचे दोन प्रकार दिसतात आणि पुष्कळ रुग्णांत ते दोन्ही असतात. पहिला नकळत घडणारा: वाचताना, फोनवर बोलताना किंवा मोबाइल पाहताना बोटे हनुवटीवर फिरत असतात, उंचवटा लागला की नख आपोआप रुतते आणि रक्त दिसल्यावरच भान येते. दुसरा जाणीवपूर्वक: आरशासमोर उभे राहून प्रत्येक रंध्र न्याहाळत टोकरणे. आधी ताण, कंटाळा, चीड किंवा ‘हे सपाट झालेच पाहिजे’ अशी तीव्र ऊर्मी असते. टोकरल्यावर क्षणभर सुटल्यासारखे वाटते आणि नंतर लाज व पश्चात्ताप येतो. ते क्षणिक सुख सवयीला खतपाणी घालते, कारण मेंदू लगेच मिळालेले फळ लक्षात ठेवतो. तासाभराने आलेला पश्चात्ताप त्याच्या तुलनेत दुबळा ठरतो. ‘हात लावू नकोस’ असे घरातील माणसे दिवसातून दहा वेळा सांगतात, त्याचा उपयोग होत नाही तो यामुळेच. उलट त्या शब्दांनी ताण वाढतो आणि टोकरणे बंद दाराआड जाते. येथे स्वतःला दुखापत करण्याचा हेतू नसतो, त्यामुळे हे वर्तन आत्मघाती इजेहून वेगळे मानले जाते.

## ओळख

जखमा हात पोचेल तेथेच असतात: चेहरा, खांदे, दंड, पाठीचा वरचा भाग, मांड्या. पाठीच्या मध्यभागी हात पोचत नाही, तेथील त्वचा बहुधा निरोगी राहते. ताज्या जखमा, खपल्या, काळे डाग आणि पांढरे व्रण एकाच वेळी शेजारी शेजारी दिसतात. मानसिक निदान करण्यापूर्वी खाजेची शारीरिक कारणे तपासावी लागतात. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतील पुरळ आणि घरातील इतरांनाही तोच त्रास असेल, तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी असते. मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारांतही अंगभर खाज सुटते. त्वचेत किडे वळवळत असल्याची ठाम समजूत असेल, तर तो निराळा मनोविकार असतो आणि त्याचे उपचारही निराळे असतात.

## वर्तनोपचार

या विकारावर मुख्यतः वापरला जाणारा उपचार म्हणजे सवय-पालट प्रशिक्षण. नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तो अंगचाळे व चाळवाचाळवीच्या सवयींसाठी मांडला. त्याचे तीन भाग असतात: हात कधी व कसा निघतो हे ओळखणे, त्याच हाताला टोकरणे अशक्य होईल अशी दुसरी कृती देणे आणि टोकरण्याला निमित्त देणारी परिस्थिती बदलणे.

पुढील उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील पायऱ्या प्रत्यक्ष उपचारातील आहेत. बारावी आणि ‘नीट’च्या तयारीसाठी मराठवाड्याच्या गावागावांतून विद्यार्थी लातूर व नांदेड येथे येऊन वसतिगृहांत राहतात. नांदेड जिल्ह्यातील एका गावाहून लातूरला आलेली सतरा वर्षांची एक विद्यार्थिनी हनुवटी, जबडा आणि दंड टोकरते. चेहऱ्यावरच्या जखमांमुळे ती रुमाल बांधून वर्गात बसते आणि सणाला गावी जाण्याचे टाळते.

पहिल्या आठवड्यात तिने टोकरणे थांबवायचे नसते, फक्त नोंद करायची असते: वेळ, जागा, हात आधी कोठे होता, मनात काय होते, किती मिनिटे गेली. नोंदींतून दोन प्रसंग उघड होतात. दुपारी प्रश्न सोडवताना उजव्या हातात पेन आणि डावे कोपर टेबलावर असते, हनुवटी तळहातावर टेकलेली असते आणि बोटे जबड्यावर फिरतात. दुसरा प्रसंग रविवारच्या चाचणीनंतरचा: गुण कमी आले की ती बेसिनवरच्या आरशासमोर जाते आणि पाऊण तास तेथून हलत नाही.

दोन्ही प्रसंगांचा उपाय एक असू शकत नाही. पहिल्यात ऊर्मी नाही, केवळ हाताची जागा चुकीची आहे. म्हणून डावे कोपर टेबलावर टेकायचे नाही आणि त्या हातात पुस्तक किंवा रबराचा चेंडू धरायचा. हात वर निघाल्याचे लक्षात येताच मूठ वळून मांडीवर ठेवायची आणि एक ते तीन मिनिटे तशीच धरायची. ही पर्यायी कृती चारचौघांत करता येण्याजोगी आणि अभ्यासात व्यत्यय न आणणारी असली पाहिजे, नाहीतर ती चार दिवसांत सुटते. तर्जनी आणि अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळल्यास उंचवटे बोटाला जाणवत नाहीत आणि हाताचा माग लागतो.

दुसऱ्या प्रसंगात निमित्तच दूर करावे लागते. आरशावरचा प्रखर दिवा बदलायचा, आरशापासून हातभर अंतरावर उभे राहायचे आणि दोन मिनिटांचा गजर लावायचा. चिमटा व पिना खोलीत ठेवायच्या नाहीत, नखे दर तीन दिवसांनी कापायची. दंडावरच्या जखमांना पेट्रोलियम जेली लावून पट्टी बांधायची. त्यामुळे खपली कोरडी पडत नाही आणि उचललेली कड बोटाला मिळत नाही. मात्र मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, तेव्हा ती दिवसातून दोनदा बदलावी लागते आणि वर सैल सुती बाही घालावी लागते. ऊर्मी आली की तिला विरोध न करता ती वाढते, शिगेला पोचते व ओसरते हे पाहत राहण्याचाही सराव दिला जातो. चाचणीनंतरचा तास मैत्रिणीबरोबर बाहेर घालवण्याचे आधीच ठरवून ठेवले जाते. खोलीतल्या मैत्रिणीने रागवायचे नाही, ठरलेला एखादा शब्द हळूच उच्चारायचा.

प्रगती मोजण्यासाठी आरसा कामाचा नाही, कारण काळे डाग महिनोन्महिने राहतात आणि सुधारणा होत असूनही काहीच बदलले नाही असे वाटते. दर आठवड्याला नव्या जखमा किती आणि टोकरण्यात गेलेली मिनिटे किती, एवढे दोनच आकडे पाहतात. निकालाच्या दिवशी आकडा उसळला, तर उपचार फसला असे न मानता त्या दिवसाची नोंद उघडून कोणती पायरी सुटली ते शोधले जाते.

मुरुमांचा उपचार त्वचारोगतज्ज्ञाकडून बरोबरीने व्हावा लागतो. टोकरण्याची सवय त्या डॉक्टरांना सांगणे येथे आवश्यक असते, कारण मुरुमांवरची काही प्रभावी मलमे पहिल्या काही आठवड्यांत त्वचेचे पापुद्रे काढतात. सोलत असलेली त्वचा ही या रुग्णांसाठी सर्वांत अवघड परीक्षा ठरते. डॉक्टरांना माहीत असेल तर ते मात्रा कमी ठेवतात किंवा एक दिवसाआड लावायला सांगतात.

सवय-पालट प्रशिक्षणाच्या चाचण्या आशादायक असल्या तरी लहान आहेत आणि सवय परत येण्याचे प्रमाण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

## औषधे आणि उपलब्ध सेवा

नैराश्य किंवा चिंताविकार सोबत असल्यास मनोविकारतज्ज्ञ त्यावरची औषधे देतात, पण टोकरण्यावर त्यांचा परिणाम सर्वांत सारखा दिसत नाही. एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाची ६६ प्रौढांवर १२ आठवडे केलेली एक अमेरिकन चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात औषध घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी १९ टक्के रुग्णांत स्पष्ट सुधारणा आढळली. एका चाचणीवरून औषध स्वतःहून सुरू करणे योग्य नाही.

नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही या दोन शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या मोफत सेवेवर मराठीतही बोलता येते. जखमेभोवती लाली पसरणे, पू येणे, ताप किंवा डोळ्याजवळ सूज ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. ती दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. मधुमेह असलेल्यांत असा संसर्ग लवकर वाढतो.