‘अ‍ॅटिट्यूड सुधारा’ म्हणजे नेमकं काय?

वार्षिक मूल्यमापनात ‘अ‍ॅटिट्यूड सुधारा’ असा शेरा आला की आपल्या मुलामुलींच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘पण मी काय केलं?’ साहेबांना त्यात प्रश्न नव्हे, भांडण ऐकू येतं. शेरा हे मत असतं आणि मतावर वादच होतो. म्हणून विचारायचं ते प्रसंगाबद्दल.

त्या क्षणी फक्त दहा मिनिटांची वेळ मागून घ्यावी. भेटीत म्हणावं, ‘सर, मला यात बदल करायचा आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांतला एखादा प्रसंग सांगाल का?’

समजा, बँकेच्या काउंटरवरच्या मुलीला उत्तर मिळालं, ‘पासबुक भरायला आलेल्या आजोबांना तू मान वर न करता “उद्या या” म्हणालीस.’ प्रिंटर बंद होता हे खरं असलं, तरी ती सबब म्हणून सांगितली की साहेब पुढचा प्रसंग सांगणार नाहीत. तेच प्रश्नात घालावं: ‘प्रिंटर बंद असेल तेव्हा मी काय सांगावं?’ उत्तर येईल, ‘त्यांच्याकडे बघून कारण सांग, कधी यायचं ते सांग.’ आता ‘अ‍ॅटिट्यूड’ म्हणजे करता येण्याजोग्या दोन गोष्टी झाल्या.

प्रसंग आठवत नसेल तर हट्ट धरू नये. ‘पुढे असं दिसलं तर त्याच दिवशी सांगाल का?’ असं विचारावं, ठरलेलं दोन ओळींच्या मेलने कळवावं आणि महिन्याने पुन्हा भेटावं. तेव्हाही प्रसंग निघाला नाही, तर पुढच्या मूल्यमापनात ती मेल दाखवता येते.