साडेसाती एकच, बिंदू वेगळे

29 मार्च 2025 रोजी शनीने निरयन मीन राशीत प्रवेश केला आणि मीन राशीच्या लोकांची साडेसाती मधल्या टप्प्यात आली. पण चंद्ररास एकच असली तरी सर्वांना सारखेच फळ कसे मिळेल? ज्योतिषात हा फरक अष्टकवर्गाने मोजतात.

यात सात ग्रह आणि लग्न असे आठजण आपापल्या स्थानापासून ठरावीक घरांना शुभ बिंदू देतात. त्यामुळे शनीच्या तक्त्यात एका राशीला शून्य ते आठ बिंदू मिळू शकतात. चार म्हणजे मध्यम.

समजा, एका पत्रिकेत धनु लग्न, मिथुनेत रवी-बुध, कर्केत शुक्र, कन्येत मंगळ, वृश्चिकेत गुरू, मकरेत शनी आणि मीनेत चंद्र आहे. मीन रास रवी-बुधापासून दहावी, गुरूपासून पाचवी, शनीपासून तिसरी, लग्नापासून चौथी येते. या पाचांचे बिंदू तिला मिळतात. चंद्र, मंगळ, शुक्र देत नाहीत. पाच बिंदूंमुळे या शास्त्रानुसार साडेसातीची धार बरीच बोथट होते. दोनच असते, तर ती तीव्र मानली असती.

अडीच वर्षांचा काळही एकसारखा नसतो. राशीचे पावणेचार अंशांचे आठ भाग, म्हणजे कक्षा, पाडतात. पहिली शनीची, दुसरी गुरूची, तिसरी मंगळाची. इथे पहिल्या दोन सुसह्य, तर साडेसात अंशांपासूनची मंगळाची कक्षा जड मानायची.

तक्ता तपासण्याची खूण सोपी आहे: शनीच्या बाराही राशींतल्या बिंदूंची बेरीज 39 भरलीच पाहिजे. मात्र जन्मवेळ चुकून लग्न बदलले, तरी बेरीज 39च येते आणि चूक लपून राहते.