शब्द खरे, अर्थ भलताच: एका साक्षीची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण वाक्याचा शब्दशः अर्थ म्हणजे काय ते पाहिलं. आज आपण त्याच्या पुढे जाणार आहोत. बोलणारा जे उच्चारत नाही, पण ऐकणाऱ्याला जे नेमकं कळतं, त्याला आपण सूचितार्थ म्हणू. हा सूचितार्थ किती ठोस असतो, हे समजून घ्यायला अमेरिकेतला एक खटला फार उपयोगी आहे. कारण तिथे एका माणसाची शिक्षा याच प्रश्नावर अडली होती.

सॅम्युअल ब्रॉन्स्टन हे चित्रपट निर्माते. त्यांची कंपनी कर्जात बुडाली आणि दिवाळखोरीच्या कायद्याखाली सुनावणी सुरू झाली. 1966 साली, त्यांना शपथेवर प्रश्न विचारले जात होते. ज्यांचे पैसे येणं होतं, त्यांच्यापैकी एकाच्या वकिलानं विचारलं, ‘स्विस बँकांमध्ये तुमची काही खाती आहेत का?’ उत्तर आलं, ‘नाही.’ वकिलानं पुढे विचारलं, ‘कधी होती का?’ ब्रॉन्स्टन म्हणाले, ‘कंपनीचं तिथे खातं होतं, साधारण सहा महिने, झुरिकमध्ये.’ वकील पुढच्या विषयाकडे वळला.

आता बघा, यातला प्रत्येक शब्द खरा होता. त्या दिवशी त्यांचं स्विस खातं नव्हतं, आणि कंपनीचं झुरिकमध्ये खातं होतं हेही खरं. पण त्याआधी जवळजवळ पाच वर्षं त्यांचं स्वतःचं खातं जिनिव्हामध्ये होतं. ते त्यांनी नाकारलं नाही, सांगितलंही नाही. तरी वकिलाला काय कळलं? ‘माझं स्वतःचं कधीच नव्हतं.’ हे वाक्य आलं कुठून?

याचं उत्तर तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की संवाद हे सहकार्याचं काम आहे. समोरचा माणूस खरं बोलेल, विषयाला धरून बोलेल, गरजेइतकी माहिती देईल आणि स्पष्ट बोलेल, हे आपण गृहीत धरून चालतो. उत्तर या अपेक्षेत बसत नाही असं वाटलं, की ते कसं बसेल याचा आपण शोध घेतो.

तोच हिशोब इथे मांडू. प्रश्न ‘तुमचं’ खातं होतं का असा आहे. उत्तर कंपनीबद्दल आहे. स्वतःचं खातं होतं की नाही हे या माणसाला नक्कीच माहीत असणार. ते असतं, तर प्रश्नाचं सरळ उत्तर तेच होतं, आणि सहकार्य करणाऱ्यानं तेच आधी सांगितलं असतं. त्यानं फक्त कंपनीचं सांगितलं, म्हणजे स्वतःचं नसणार. हा सगळा विचार आपण क्षणात करतो, म्हणूनच तो आपल्याला विचार वाटत नाही. सरळ ऐकल्यासारखंच वाटतं.

मग हा अर्थ शब्दांतला नाही हे ओळखायचं कसं? एक सोपी कसोटी आहे: तो मागे घेऊन पाहायचा. ‘कंपनीचं खातं होतं, आणि हो, माझंही होतं.’ यात काही विसंगती वाटते का? नाही. उलट ‘माझं खातं कधीच नव्हतं, आणि माझं खातं होतं’ हे वाक्य मोडून पडतं. शब्दशः अर्थ असा मागे घेता येत नाही, सूचितार्थ घेता येतो. आपल्याकडे ‘जेवायला थांबणार का?’ याला ‘घरी आई वाट बघतेय’ असं उत्तर आलं, तर आपण नकार समजतो. पण तोच माणूस पुढे ‘तरी थांबतो’ म्हणाला, तर आपण त्याला खोटारडा म्हणत नाही, पान वाढतो.

आता निकालाकडे येऊ. खालच्या न्यायालयांनी ब्रॉन्स्टन यांना शपथेवर खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी धरलं. 1973 साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल एकमतानं फिरवला. उत्तर बगल देणारं होतं हे न्यायालयाला दिसत होतं. पण शब्दशः खरं असलेलं उत्तर, त्यातून चुकीचं सूचित होतं एवढ्यावरून, त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. साक्षीदार बगल देत असेल तर त्याला नेमक्या प्रश्नात पकडणं हे वकिलाचं काम.

ग्राइस यांच्या भाषेत सांगायचं, तर उलटतपासणीत सहकार्य गृहीत धरायचं नसतं. ते गृहीतक काढलं की वरचा हिशोब कोसळतो, आणि हातात फक्त शब्द उरतात. त्या वकिलाला एकच प्रश्न पुरला असता: ‘कंपनीचं कळलं, तुमचं स्वतःचं होतं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं असतं, तर ते साधं खोटं ठरलं असतं.

म्हणजे ब्रॉन्स्टन खोटं बोलले नाहीत, पण त्यांनी दिशाभूल केली. हा फरक आपल्याला करता येतो, कारण बोललेलं आणि सुचवलेलं या खरोखरच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र रोजच्या व्यवहारात कुणी असं वागलं, तर ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ ही सबब आपण सहसा मान्य करत नाही. न्यायालय शब्दांपाशी थांबलं. आपण घरी, दुकानात, कचेरीत थांबत नाही.