सात सेकंदांत रिझ्युमेत काय दिसतं?

आधी एक साधं गणित करू. एका जागेसाठी तीनशे अर्ज आलेत आणि एचआरवाल्या ताईंनी प्रत्येक रिझ्युमे दोन मिनिटं वाचायचा ठरवलं, तर दहा तास लागतील. म्हणजे चहा-जेवण सोडून दीड दिवस, तोही एकाच जागेसाठी. तेच सात सेकंदांत एक रिझ्युमे पाहिला, तर पस्तीस मिनिटांत काम उरकतं. म्हणून पहिल्या फेरीत आपला रिझ्युमे कुणी वाचत नाही. त्यात दोन-चार गोष्टी शोधतात. सापडल्या तर ठेवतात, नाही तर पुढचा उघडतात.

हा सेकंदांचा आकडा आला कुठून? 'लॅडर्स' या अमेरिकन जॉब वेबसाइटने 2012 मध्ये तीस रिक्रूटर्सच्या नजरेचा दहा आठवडे माग काढला. रिझ्युमे बघताना डोळे कुठे थांबतात, हे यंत्राने नोंदवलं. सरासरी वेळ निघाला सहा सेकंद. 2018 मध्ये त्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा तो 7.4 सेकंद झाला होता. पण पहिल्या अभ्यासातली खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्या थोड्याशा वेळातला सुमारे 80 टक्के वेळ फक्त सहा गोष्टींवर गेला होता : नाव, सध्याचं पद आणि कंपनी, तिथल्या तारखा, आधीचं पद आणि कंपनी, तिथल्या तारखा, आणि शिक्षण. बाकी सगळ्यावर नजर नुसती फिरली.

इथे थोडं सावध राहायला हवं. ही वेबसाइट अनुभवी लोकांसाठीची, आणि रिझ्युमे सुधारण्याचा धंदाही करणारी. त्यामुळे सहा की सात, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय त्या सहा गोष्टींपैकी चार नोकरीच्या अनुभवाच्या आहेत. आपल्यासारख्या फ्रेशरकडे त्या नसतातच. मग आपल्या रिझ्युमेवर नजर थांबते कुठे?

उमापूरचा माझा एक मित्र आहे, गेवराई तालुक्यातलाच. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झालंय. नाव न छापण्याच्या बोलीवर त्याने रिझ्युमे माझ्या हातात दिला. पुण्यातल्या एका जागेसाठी तो अर्ज करत होता. जाहिरातीत चारच गोष्टी मागितल्या होत्या : 2024 किंवा 2025 चा पासआउट, जावा, एसक्यूएल, आणि पुण्यात ऑफिसला येऊन काम.

त्याच्याकडे या चारही गोष्टी होत्या. पण कागदावर त्या होत्या कुठे? सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'रिझ्युमे'. खाली नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, मु.पो. उमापूर, ता. गेवराई, जि. बीड असा पूर्ण पत्ता. मग पाच ओळींचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', जे अख्ख्या वर्गाने एकमेकांकडून उतरवलेलं असतं. मग दहावीपासून सुरू होणारा शिक्षणाचा तक्ता. पदवी त्याच्या तळाला. जावा आणि एसक्यूएल दुसऱ्या पानावर, 'छंद : क्रिकेट' याच्या बरोबर वर!

सात सेकंदांत दुसरं पान येत नाही. पहिल्या पानाचा वरचा तिसरा हिस्सा, तेवढाच आपला. आणि तो त्याने वडिलांचं नाव नि जन्मतारीख सांगण्यात घालवला होता.

फ्रेशरच्या बाबतीत पहिली चाळणी बहुतेक वेळा शिक्षणाच्या ओळीवरच लागते, कारण तिथे हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं. पासआउटचं वर्ष जाहिरातीत बसतं का? कॅम्पस भरतीत दहावी, बारावी आणि पदवीला 60 टक्क्यांची अट अनेकदा असते, ती पूर्ण होते का? बॅकलॉग आहे का? म्हणून पदवी, कॉलेज, वर्ष आणि टक्के हे एका ओळीत, नावाच्या लगेच खाली हवं. जाहिरातीत टक्के मागितले असतील आणि तुमच्या मार्कशीटवर सीजीपीए असेल, तर विद्यापीठाच्या सूत्राने काढलेले टक्केही शेजारी लिहा. समोरचा आपल्यासाठी हिशेब करत बसणार नाही.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट लपलेली असते. मित्राची बारावी 2020 ची, पदवी 2024 ची. तीन वर्षांच्या कोर्सला चार वर्षं कशी? बीडच्या पोरांना हे सांगायला नको, मधलं वर्ष पोलीस भरतीच्या तयारीत गेलं होतं. पण पुण्यात बसलेल्या माणसाला ते कळणार कसं? त्याला दिसते फक्त रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेत माणूस नापास होणं आधी भरतो. '2020–21 : पोलीस भरतीची तयारी' एवढी एक ओळ पुरते. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

दुसरी नजर जाते स्किल्सवर. तिथे मित्राने तेरा गोष्टी लिहिल्या होत्या, एमएस वर्डपासून 'लीडरशिप'पर्यंत. त्या गर्दीत जावा सापडायलाच वेळ लागत होता. जाहिरातीत जे शब्द आहेत, त्यातले खरोखर येतात ते आधी, त्याच शब्दांत लिहायचे. येत नसेल ते लिहायचं नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच येतो.

मग प्रोजेक्ट. अनुभवाच्या रिकाम्या खुर्चीवर फ्रेशरने बसवायचं ते हेच. मित्राने लिहिलं होतं, 'कॉटन मॅनेजमेंट सिस्टिम'. बस्स, एवढंच. प्रत्यक्षात तिघांनी मिळून कापूस खरेदीच्या वजनपावत्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं. जावा आणि मायएसक्यूएलमध्ये. डेटाबेसची पाच टेबलं आणि दिवसभराच्या खरेदीचा अहवाल हे काम त्याचं. हे तसंच्या तसं लिहिलं की जाहिरातीतल्या दोन अटी कामासकट दिसतात.

राहिला पत्ता. गावाचं नाव लिहिण्यात काहीच वावगं नाही. पण पुण्याच्या जागेसाठी उमापूरचा पत्ता दिसला की पुढचा प्रश्न येतो, हा येईल का नि कधी? मोबाईल आणि ईमेलच्या ओळीतच 'पुण्यात लगेच रुजू होऊ शकतो' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. घरपोच पत्राची वाट कुणी बघत नाही, त्यामुळे पूर्ण पत्ता गेला तरी चालतो.

कधीकधी तर रिझ्युमे उघडलाही जात नाही. नोकरी डॉट कॉमवर कंपन्या 'रेझडेक्स' नावाच्या साठ्यात शोध घेतात. शब्द, शहर, अनुभव टाकला की उमेदवारांची यादी येते. त्या यादीत प्रोफाइलची हेडलाइन, शिक्षण, शहर आणि की-स्किल्स दिसतात, फाइल नंतर. प्रोफाइल शेवटचं कधी वापरलं, यावरही चाळता येतं. वर्षापूर्वी अकाउंट काढून विसरलेला माणूस तिथे मागेच पडतो.

फाइलचीही एक तपासणी आहे. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन कॉलमच्या रंगीत टेम्प्लेटमध्ये पुष्कळदा डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसते. चित्र म्हणून सेव्ह केलेली फाइल असेल तर काहीच पेस्ट होत नाही. तिथे जे दिसेल, साधारण तेच कंपनीच्या सॉफ्टवेअरलाही मिळतं. स्किलपुढचे चार-पाच तारे तर कुणालाच कळत नाहीत. जावाला चार तारे म्हणजे नक्की किती येतं?

मित्राचा नवा रिझ्युमे एका पानाचा झाला. आम्ही तो घडी घालून फक्त वरचा तिसरा हिस्सा उघडा ठेवला आणि होस्टेलवरच्या एका कॉमर्सच्या मुलाला सात सेकंद दाखवला. मग विचारलं, हा काय शिकलाय, कधी पास झाला, त्याला काय येतं? पहिल्या दोन्हींची उत्तरं लगेच आली. तिसऱ्याला तो म्हणाला, जावा आणि अजून काहीतरी. म्हणून एसक्यूएल एका ओळीने वर घेतलं, आणि अर्ज गेला `Resume_BSc_CS_2024.pdf` या नावाने. आधी त्या फाइलचं नाव होतं `final_new2.pdf`.