नफा झाला, तरी भागधारकांचा निधी घटला

कंपनीचा ताळेबंद वर्षाच्या दोन टोकांना दोन आकडे देतो. भागधारकांचा निधी, म्हणजेच इक्विटी, वर्षारंभी किती होती आणि वर्षअखेरीस किती उरली, हे त्यात दिसते. या दोन आकड्यांतला फरक नफा-तोटा पत्रकातल्या नफ्याएवढाच असेल, असे सहज वाटते. फार तर त्यातून वाटलेला लाभांश वजा करायचा. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांत हा हिशेब बहुधा जुळत नाही. मधली फट भरून काढणारी नोंद म्हणजे इतर सर्वसमावेशक उत्पन्न, लेखापालांच्या बोलीत ओसीआय. आणि ही सगळी जुळवाजुळव एका ठिकाणी मांडणारा तक्ता म्हणजे इक्विटीतील बदलांचे पत्रक.

भारतात ही दोन्ही मांडणी इंड एएस या लेखामानकांबरोबर आली. १ एप्रिल २०१६ पासून ती ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक नक्त मूल्याच्या कंपन्यांना आणि पुढच्या वर्षापासून मुख्य शेअर बाजारांवर नोंदलेल्या इतर कंपन्यांना लागू झाली. जुन्या मानकांवर चालणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या हिशेबात ओसीआय नसते. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये हा बदल लांबणीवर टाकला, त्यामुळे बँकेच्या अहवालात हे पत्रक शोधू नये.

नफ्याबाहेर काय राहते, हे एका काल्पनिक कंपनीवरून पाहता येईल. चलनाचे दर मात्र खरे आहेत. मार्च २०१६ अखेर या कंपनीच्या समूहाची इक्विटी १,००० कोटी रुपये आहे. त्यात भागभांडवल १०० कोटी, राखून ठेवलेला नफा ८२० कोटी, परकीय चलनाच्या रूपांतराचा राखीव निधी ६० कोटी आणि शेअर गुंतवणुकीच्या मूल्यवाढीचा निधी २० कोटी. ब्रिटनमध्ये तिची एक उपकंपनी आहे, जिची निव्वळ मालमत्ता ५ कोटी पौंड. उपकंपनीला त्या वर्षी नफाही नाही आणि तोटाही नाही, असे सोयीसाठी धरू.

जून २०१६ मध्ये ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि पौंड घसरला. मार्च २०१६ अखेर पौंडाला सुमारे ९५ रुपये मोजावे लागत, मार्च २०१७ अखेर सुमारे ८१. उपकंपनीकडे वर्षाच्या शेवटीही तेच ५ कोटी पौंड होते, पण रुपयांत त्यांची किंमत ४७५ कोटींवरून ४०५ कोटींवर आली. कारखान्यातून एक खिळाही गेला नाही आणि ७० कोटी रुपये गेले. हा धंद्यातला तोटा नव्हे, कारण पौंड रुपयांत बदलून घ्यायचा कोणाचा इरादा नाही. तो नफ्यातून वजा केला, तर व्यवस्थापनाच्या वर्षभराच्या कामगिरीवर चलनबाजाराची सावली पडते. अजिबात दाखवला नाही, तर ताळेबंद खोटा ठरतो. म्हणून तो ओसीआयमध्ये जातो.

ग्रॅच्युइटीचे गणितही असेच आहे. कामगारांना पुढे कधीतरी द्यायची रक्कम विमागणिती आज किती भरते ते काढतो आणि त्यासाठी सरकारी रोख्यांचा व्याजदर वापरतो. व्याजदर उतरला की तेच देणे आज मोठे दिसू लागते. कामगारांनी यंदा केलेल्या सेवेचा खर्च आणि देण्यावरचे निव्वळ व्याज नफा-तोटा पत्रकातच राहते. अंदाज बदलल्याने पडलेला फरक तेवढा ओसीआयमध्ये जातो. आपल्या कंपनीत कर वजा जाता हा फरक ६ कोटींचा, उणे बाजूला. शिवाय तिने दुसऱ्या एका कंपनीचे शेअर दीर्घकाळासाठी धरून ठेवले आहेत आणि त्यांचे चढउतार ओसीआयमध्ये दाखवायचा पर्याय घेतला आहे. हा पर्याय खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो आणि पुन्हा बदलता येत नाही. त्यांची किंमत कर वजा जाता १२ कोटींनी वाढली.

नफा-तोटा पत्रकात नफा दिसतो ९० कोटी. त्याखाली ओसीआयची बेरीज उणे ६४ कोटी आणि तळाशी एकूण सर्वसमावेशक उत्पन्न २६ कोटी. वर्तमानपत्रांत छापून येते ते ९० कोटींचे. प्रति शेअर उत्पन्नही त्याच ९० कोटींवर काढतात.

आता इक्विटीतील बदलांचे पत्रक. त्यात इक्विटीच्या प्रत्येक घटकाला एक रकाना असतो, वर सुरुवातीची शिल्लक, खाली अखेरची. राखून ठेवलेल्या नफ्याच्या रकान्यात ८२० मध्ये ९० मिळतात, ग्रॅच्युइटीचे ६ जातात, भागधारकांना दिलेला ३० कोटींचा लाभांश जातो, उरतात ८७४. चलनाचा निधी ६० वरून उणे १० वर येतो. शेअर मूल्यवाढीचा निधी ३२ होतो, भागभांडवल जागच्या जागी राहते. अखेरची बेरीज ९९६ कोटी. म्हणजे ९० कोटी नफा मिळवून, त्यातला फक्त एकतृतीयांश वाटूनही, इक्विटी ४ कोटींनी आटली. लाभांश, नवे शेअर, पुनर्खरेदी हे मालकांशी झालेले व्यवहार असल्याने ते उत्पन्नात किंवा ओसीआयमध्ये येत नाहीत, याच पत्रकात दिसतात.

हे कागदापुरते नाही. त्याच २०१६-१७ मध्ये जग्वार लँड रोव्हरची मालक असलेल्या टाटा मोटर्सने एकत्रित हिशेबात नफा दाखवला, तरी भागधारकांचा निधी मोठ्या प्रमाणावर घटला. पौंडाची घसरण आणि तिथल्या पेन्शनचे देणे, दोन्ही ओसीआयमधून आले होते.

ओसीआयमध्ये गेलेली रक्कम तिथेच राहते का, हा वाचकाच्या खरा कामाचा मुद्दा आहे. म्हणूनच पत्रकात तिचे दोन गट करावे लागतात. ग्रॅच्युइटीचा फरक आणि वर सांगितलेल्या शेअरचा नफा-तोटा पुढे कधीच नफा-तोटा पत्रकात येत नाही. शेअर विकले तरी ती रक्कम इक्विटीतल्या एका निधीतून दुसऱ्यात जाते, एवढेच. चलनाचा फरक मात्र परत येतो. उद्या ब्रिटिश उपकंपनी विकली, तर साठलेले उणे १० कोटी त्या वर्षीच्या नफ्यावर येऊन आदळतील, जरी पौंड कैक वर्षांपूर्वी पडलेला असला तरी. ओसीआयमध्ये मोजलेले रोखेही याच गटातले. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने सुमारे २,१०० कोटी डॉलरचे असे रोखे विकले, तेव्हा ओसीआयमध्ये निजलेला तोटा कर वजा जाता १८० कोटी डॉलरच्या आकड्यानिशी एकदम नफ्यावर आला. ठेवीदार धावले आणि दोन दिवसांत बँक बंद झाली. याहून कितीतरी मोठा तोटा मुदतीपर्यंत धरायच्या रोख्यांत होता, पण ते खरेदी किमतीच्या आधारे नोंदवले जात असल्याने तो ओसीआयमध्येही नव्हता, फक्त टिपांत होता. ओसीआय सगळेच दाखवते असे समजण्यात धोका आहे, तो हा.

ओसीआयमधली वाढ वाटून टाकता येत नाही. लाभांशासाठी नफा मोजताना न वसूल झालेले आणि काल्पनिक लाभ धरायचे नाहीत, असे कंपनी कायद्याच्या १२३व्या कलमात २०१७ च्या दुरुस्तीने घातले गेले. अहवाल चाळताना एका वर्षाच्या ओसीआयवरून फारसे कळत नाही. पाच-सहा वर्षांची बेरीज करावी. चलनाचे आकडे कधी अधिक, कधी उणे असे हेलकावत असतील, तर ते बाजाराचे खेळ. ग्रॅच्युइटीचा फरक दरवर्षी उणेच येत असेल, तर बहुधा पगारवाढीचा किंवा नोकरी सोडून जाण्याचा अंदाजच मुळात सैल आहे, आणि नफ्यात दाखवायचा खर्च मागच्या दाराने बाहेर जातो आहे.