हजार धाग्यांचं बेडशीट आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

बेडशीटच्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: ‘1000 टीसी, शंभर टक्के कॉटन’. खाली बारीक अक्षरांत लांबी-रुंदी, धुण्याच्या सूचना आणि किंमत. वजन मात्र बहुतेक वेळा नसतंच. या धंद्यात सगळ्यात अवघड प्रश्न वजनच विचारतं.

टीसी म्हणजे थ्रेड काउंट. एक इंच लांब, एक इंच रुंद अशा कापडाच्या तुकड्यात उभे धागे किती आणि आडवे किती ते मोजायचं आणि दोन्हींची बेरीज करायची. विणकर उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात, आडव्यांना बाणा. ताण्यात 170 आणि बाण्यात 130 धागे असतील, तर कापड 300 टीसीचं झालं. साधं, चांगलं सुती बेडशीट 180 ते 300 च्या आसपास असतं. साटीनसारख्या विणीत आकडा आणखी वर जातो. पण इंच तर इंचच राहतो. एकपदरी सुती धागा वापरला तर साधारण चारशे-पाचशेच्या पुढे जागाच उरत नाही.

मग हजार येतात कुठून? धागा दोन पदरांचा असेल तर प्रत्येक पदर वेगळा मोजला जातो. किंवा बाण्यात चार-सहा बारीक धागे एकत्र, एकाच फेकीत टाकले जातात आणि तेही सुटे मोजले जातात. पदर असे मोजल्याने ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते, असं मत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी 2005 मध्येच एका पत्रात दिलं होतं. कापडाच्या चाचणीची प्रमाणित पद्धतही पीळ देऊन एकत्र केलेला दोनपदरी धागा एकच धरते. आपल्याकडच्या पाकिटांवर मात्र आकडा फुगतच राहिला.

तो पडताळायला भिंग लागत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. बेडशीटसाठी 60 नंबरचं सूत बऱ्यापैकी बारीक समजलं जातं. नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक. 60 नंबरच्या एक किलोमीटर सुताचं वजन जवळजवळ 10 ग्रॅम भरतं. 300 टीसीच्या एक चौरस मीटर कापडात साधारण बारा किलोमीटर सूत जातं, म्हणजे वजन सुमारे 120 ग्रॅम. हाच तो जीएसएम: एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. 90 बाय 100 इंचांचं बेडशीट 5.8 चौरस मीटर होतं. ते सातशे ग्रॅमच्या जवळ बसायला हवं.

आता हजार टीसीचं गणित करू. एका चौरस मीटरला एकेचाळीस किलोमीटर सूत लागेल. सूत 60 नंबरचं असेल तर जीएसएम चारशेवर जाईल आणि तेवढंच बेडशीट दोन किलो तीनशे ग्रॅमच्या आसपास भरेल. उकाड्यात त्याच्यावर झोपून बघा! अगदी 100 नंबरचं बारीक, महाग सूत धरलं तरी वजन 1400 ग्रॅमच्या खाली येत नाही. समजा, घरी आणलेलं ‘1000 टीसी’ बेडशीट काट्यावर 810 ग्रॅम भरलं. मग जीएसएम 140 निघतो. या वजनात हजार धागे बसवायचे तर सुताचा नंबर 170 च्या घरात हवा. असं सुती सूत रोजच्या बाजारातल्या बेडशीटमध्ये असत नाही. म्हणजे एक तर आकडा फुगवलेला आहे, नाहीतर त्यात पॉलिस्टरचे तलम तंतू आहेत. कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

140 जीएसएमचं बेडशीट वाईट असतं असं मुळीच नाही. ते तीनशे-साडेतीनशे टीसीचं चांगलं कापड असू शकतं. तक्रार फक्त छापलेल्या आकड्याबद्दल आहे.

टॉवेलला टीसी लावून काही उपयोग नाही, कारण त्याचा गुण पृष्ठभागावरच्या धाग्याच्या फासांत असतो. तिथे थेट जीएसएम पाहायचा. 75 बाय 150 सेंटिमीटरचा, 500 जीएसएमचा टॉवेल 560 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण वजन तिथेही हलक्यापासून जड टॉवेलपर्यंत बदलतं. जड टॉवेल पाणी जास्त टिपतो, हे खरं. कोकणातल्या जुलैमध्ये तो दोन दिवस वाळत नाही, हेही तितकंच खरं. दुकानात हाताला लोण्यासारखा लागणारा टॉवेल बऱ्याचदा सिलिकॉनच्या सॉफ्टनरमुळे तसा असतो आणि पहिल्या दोन-चार धुण्यांपर्यंत पाणी नीट शोषत नाही.

आटण्याचं कारण कापड तयार होतानाच्या ओढाताणीत आहे. माग, धुलाई, रंगाई, इस्त्री, सगळीकडे ते लांबीकडून ताणलेलं असतं. घरी पाण्यात सैल सुटलं की सूत आपल्या जागी परत येतं. म्हणून लांबी सहसा रुंदीपेक्षा जास्त आटते. कारखान्यात कापड आधीच दाबून आटवून घेता येतं, त्याला सॅन्फोरायझिंग म्हणतात. ते टाळलं की खर्च वाचतो आणि तो ग्राहकाच्या गादीवर वसूल होतो. 78 इंच लांब, 6 इंच जाड गादीला दोन्ही टोकं झाकायला 90 इंच लागतात. 100 इंचांच्या बेडशीटमध्ये दोन्हीकडे पाच-पाच इंच खोचायला मिळतात. ते पाच टक्के आटलं तर 95 इंच उरतात, म्हणजे खोचायला अडीच-अडीचच. रात्री कूस बदलली की सुटणार. गादी 8 इंच जाड असेल तर अर्धा-अर्धा इंचच हाती राहतो. फिटेड बेडशीटला तेवढीही सवड नसते. नवं कापड धुण्याआधी त्यावर 50 सेंटिमीटर अंतरावर लांबीच्या दिशेने दोन टाके घालावेत आणि तीन धुण्यांनंतर, पूर्ण वाळल्यावर, सपाट पसरून पुन्हा मोजावं. अंतर 48.5 आलं तर आटणं तीन टक्के. एवढं चालण्यासारखं. 47.5 आलं तर पाच, आणि ते पाकिटावर लिहायला हवं होतं.

‘पक्का रंग’ हा शब्द सगळ्यात सैल. प्रयोगशाळा रंगाला 1 ते 5 गुण देते आणि तेही वेगवेगळे: धुतल्यावर रंग किती फिका पडला, शेजारच्या पांढऱ्या कापडाला किती लागला, कोरडं घासल्यावर किती उतरला, ओलं घासल्यावर किती. उन्हाचे गुण वेगळ्या मापाने, 1 ते 8. गडद लाल, निळा, काळा ओल्या घासणीत बऱ्याचदा कमी पडतात. धुण्यात 4 मिळवणारं गडद कापड ओल्या घासणीत अडीचवर येऊ शकतं. रिअॅक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंध बांधतो, पण काही रंग बंध न बांधता नुसताच अडकून राहतो. कारखान्याने तो कढत पाण्यात साबणाने धुऊन काढायचा असतो. ही धुलाई आखडती घेतली की उरलेला रंग तुमच्या बादलीत येतो. मीठ किंवा तुरटी घालून तो बांधला जात नाही, धुऊन काढणं हाच उपाय. क्लोरीनच्या ब्लीचपासून मात्र चांगला रिअॅक्टिव्ह रंगही जपावा लागतो. घरची चाचणी सोपी: ओला पांढरा रुमाल बोटावर गुंडाळून कोपऱ्यातल्या गडद भागावर दहा वेळा घासायचा.

त्या 810 ग्रॅमच्या बेडशीटचं खरं वर्णन, समजा चाचण्यांचे आकडे असे आले तर, इतकंच लिहावं लागेल: ‘सुती, 60 नंबर एकपदरी सूत, 340 टीसी, 140 जीएसएम, धुण्याआधी 90 बाय 100 इंच, लांबीत चार टक्क्यांपर्यंत आटेल. धुण्यात रंग 4, ओल्या घासणीत 3. पहिली तीन धुणी वेगळी धुवावीत, ब्लीच वापरू नये.’ परदेशात माल पाठवणाऱ्या कारखान्यांकडे हे आकडे चाचणी-अहवालात असतात, कारण तिकडचे खरेदीदार ते मागतात. इथल्या दुकानदारालाही निदान दोन प्रश्न विचारता येतात: याचं वजन किती आणि ओल्या घासणीचे गुण किती? पहिल्याचं उत्तर त्याच्या गल्ल्याजवळच्या काट्यावर लगेच मिळेल.